फ्लश कमोडचा, गुडगुड बेसिनमध्ये: हवा अडली की पाणी?

प्रश्न: आमचं घर गुहागरजवळ, तळमजला आणि वर एक मजला. वरच्या मजल्यावर कमोडचा फ्लश सोडला की शेजारच्या बेसिनमधून गुडगुड आवाज येतो, कधी कधी वासही. खालच्या संडासात काही नाही. पावसाळ्यात जास्त होतं. प्लंबरने ॲसिड ओतलं, चार दिवस बरं गेलं, परत तेच. मागच्या मे महिन्यात गच्चीवर पत्रा घातलाय. सेप्टिक टँक बारा वर्षांत उपसलेला नाही. व्हेंटचा दोष समजायचा की कुठे तुंबलंय?

उत्तर:

आधी ॲसिड बंद करा. दोष हवेचा असेल तर ॲसिडचा उपयोग शून्य. तुंबलेलं असेल तर ते बहुतेक कापड, मुळं किंवा टाकीतली साय असतं, आणि त्यावर बाटलीभर ॲसिड फारसं काही करत नाही. टाकीत मैला कुजवणारे जिवाणू मात्र त्याने मरतात. आणि कुणी वरून ब्लीचिंग पावडर टाकली तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

गुडगुड म्हणजे ट्रॅपमधल्या, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या बेसिनखालच्या भागातल्या, पाण्यातून हवा जातेय, एवढाच त्याचा अर्थ. ती कुठल्या दिशेने जातेय हे कळलं की अर्धं निदान झालं. पाइपातून बेसिनकडे येत असेल तर फ्लशच्या पाण्याच्या पुढे असलेल्या हवेला वाट नाही. बेसिनमधून पाइपात खेचली जात असेल तर पाण्याच्या मागे हवा पुरत नाही. पहिल्यात दोष खाली, चेंबर किंवा टाकीकडे शोधायचा. दुसऱ्यात वर, व्हेंटकडे, म्हणजे गच्चीवर हवेसाठी उघडा ठेवलेल्या पाइपाकडे. आवाज दोन्हीत जवळपास सारखाच, म्हणून नुसतं ऐकून सांगणारा माणूस निम्म्या वेळा चुकतो.

हे का होतं ते थोडं पाहू, म्हणजे पुढच्या चाचण्या आंधळेपणाने कराव्या लागणार नाहीत. तुमच्या फ्लश टँकमध्ये साधारण ६ लिटर पाणी असेल. ११० मिलिमीटरच्या पाइपात ते गच्च भरून उभं केलं तर सव्वादोन फूट उंचीचा ठोकळा होईल. प्रत्यक्षात ते असं सलग राहत नाही, पाइपाच्या भिंतीला धरून खाली धावतं, पण धावताना स्वतःच्या घनफळापेक्षा किती तरी जास्त हवा सोबत ओढून नेतं. ही हवा वरून, म्हणजे गच्चीवरच्या उघड्या तोंडातून यायला हवी आणि खाली चेंबर-टाकीतून बाहेर पडायला हवी. दोन्ही वाटा मोकळ्या असतील तर बेसिनला पत्ताही लागत नाही. एक जरी अडली तरी हवा जिथे अडथळा सगळ्यात कमी तिथून मार्ग काढते, आणि तुमच्या घरात तो सगळ्यात दुबळा अडथळा म्हणजे बेसिनखालच्या ट्रॅपमधलं पाणी.

ते किती दुबळं आहे पाहा. नहाणी ट्रॅपमध्ये वास अडवणाऱ्या पाण्याची उंची ५० मिलिमीटरच्या आसपास असते, बेसिनच्या बॉटल ट्रॅपमध्ये थोडी जास्त. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे पाइपातला दाब अर्ध्या टक्क्याने जरी वरखाली झाला तरी ५० मिलिमीटरचं पाणी हलतं, फुटतं. तुम्हाला कधी कधी वास येतो तो यामुळेच. फ्लशने ट्रॅपमधलं पाणी ओढून नेलं की पुन्हा बेसिनचा नळ सोडेपर्यंत तिथे दार उघडं राहतं.

आणखी एक गोष्ट हा आवाज आपोआप सांगतो: तुमचं बेसिन आणि कमोड एकाच उभ्या पाइपाला जोडलेले आहेत. जुन्या पद्धतीत मोरीचं आणि बेसिनचं पाणी वेगळ्या पाइपाने खाली येऊन घराबाहेर जमिनीलगत असलेल्या गली ट्रॅपमधून चेंबरला मिळायचं, त्यामुळे संडासच्या पाइपातला दाब बेसिनपर्यंत पोचायचाच नाही. आता जागा आणि पाइप वाचवायला सगळं एकात घेतात. ते चूक नाही, पण मग त्या एका पाइपाचं वरचं तोंड उघडं असणं ही अट होते.

दिशा ओळखायची चाचणी

आवाज नक्की कुठून येतोय ते आधी बघा. बेसिनखाली बॉटल ट्रॅप नसेल आणि नुसता घड्यांचा पांढरा वेस्ट पाइप नहाणीच्या जाळीत सोडलेला असेल, तर गुडगुड नहाणी ट्रॅपमध्ये होते आणि वेस्ट पाइप ती भोंग्यासारखी वर आणतो. जाळीवर ओल्या फडक्याची चौपदरी घडी दाबून धरा आणि कुणाला तरी फ्लश सोडायला सांगा. आवाज दबला तर पुढची चाचणी बेसिनऐवजी त्या जाळीवर करायची, तेही वेस्ट पाइप तात्पुरता बाहेर काढून.

ब्रेडची पिशवी कापून हाताच्या पंजाएवढा पातळ प्लास्टिकचा तुकडा घ्या. बेसिनच्या वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असतं, त्यावर चिकटपट्टी लावा, नाहीतर सगळी हवा तिथूनच जाईल. बेसिनचा नळ अर्धा मिनिट सोडून ट्रॅप भरून घ्या. आता खालच्या जाळीभोवतीची जागा ओली करून प्लास्टिक त्यावर पसरा. ताणून नको, किंचित सैल ठेवा, आणि कडा पाण्यानेच चिकटवा. फ्लशची टाकी पूर्ण भरू द्या, मोठं बटण दाबायला सांगा आणि डोळे प्लास्टिकवर ठेवा.

प्लास्टिक खड्डा पडल्यासारखं आत ओढलं गेलं तर खेच आहे, म्हणजे मागची हवा कमी. फुग्यासारखं वर आलं तर दाब आहे, म्हणजे पुढची हवा अडलेली. कधी आधी फुगतं आणि मग सेकंदभरात खाली ओढलं जातं. त्यावेळी दोन्ही वाटा कमी-जास्त बंद आहेत असं समजायचं. तुमच्या वर्णनावरून मला हे तिसरं दिसण्याची बरीच शक्यता वाटते, तीही पावसात. चाचणी तीनदा करा, दर वेळी मधे बेसिनचा नळ सोडून ट्रॅप भरा. रिकाम्या ट्रॅपवर प्लास्टिक खोटं सांगतं.

याला जोड म्हणून बादलीची एक चाचणी करा. कमोडमध्ये वीस लिटर पाणी मगाने, दोनेक मिनिटं लावून हळूहळू ओता. व्हेंटचा दोष असेल तर काहीच होणार नाही, कारण थोडं थोडं पाणी पाइपाच्या कडेने जातं आणि हवेला मधून वाट राहते. मग तीच बादली दमात एकदम ओता, आवाज येईल. याउलट पाइप अर्धवट तुंबलेला असेल तर हळू ओततानाही कमोडमधली पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि सावकाश उतरते. आवाज आहे पण कमोड झपकन रिकामं होतं, हे लक्षण व्हेंटकडे बोट दाखवतं.

आधी गच्चीवर जा

खालच्या संडासात काही होत नाही आणि पत्रा मागच्या मे महिन्यात घातला, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की पहिला संशय वर जातो. कोकणात स्लॅबवर पत्र्याची शेड घालणं आता जवळजवळ रीतच झाली आहे. शेड घालणारा फॅब्रिकेटर लोखंडाचा माणूस, पाइप मधे आला की तो पत्र्याखाली कापून टाकतो. मग पत्र्याखाली आमसुलं, पापड, खोबरं सुकत घातलं की वास जाणवतो, आणि कुणीतरी त्या पाइपावर एंड कॅप बसवतं. वास थांबतो. त्या दिवसापासून पाइपात मागून येणारी हवाही थांबते. त्यानंतर काही दिवसांनी बेसिन बोलायला लागलं तरी दोन्हीचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

टोपी असेल तर काढून बघा. रबर रिंगची असेल तर पिळून निघते. सोल्युशनने चिकटवलेली असेल तर तिच्याखाली सहा इंचांवर हॅकसॉने सरळ कापा, नंतर कपलर टाकून पाइप वाढवता येतो. त्याआधी तो पाइप खरंच कमोडचा आहे, पावसाच्या पाण्याचा नाही, याची खात्री करा: फ्लश सोडल्यावर पाइपाला कान लावला की पाणी धावल्याचं कळतं. टोपी निघाली की वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी तोंडावर धरा आणि खालून फ्लश सोडायला सांगा. पट्टी आत ओढली गेली आणि बेसिनवरचं प्लास्टिक शांत राहिलं, तर दोष सापडला. उदबत्ती किंवा काडेपेटी इथे अजिबात नको, या पाइपातून टाकीचा वायू येतो आणि तो पेट घेणारा आहे.

टोपी नाही, पण पट्टीही हलत नाही, असं झालं तर पाइप आतून बंद आहे. उघड्या तोंडात साळुंक्या घरटं करतात, काड्या-गवताचा तो गोळा खाली सरकून बसतो. ओळंबा नायलॉनच्या दोरीला बांधून आत सोडा. गच्चीपासून खालच्या बाथरूमच्या जोडापर्यंतचं अंतर तुम्हाला बाहेरून मोजता येतं. ओळंबा त्याच्या आधीच टेकला तर तेवढ्या खोलीवर अडथळा आहे. तो वरून काठीने ढकलू नका, खाली जाऊन वळणात बसेल आणि हवेच्या दोषाचं पाण्याच्या दोषात रूपांतर होईल. तारेचा आकडा करून वर ओढा, किंवा त्या जागी पाइप कापून काढा.

समुद्राजवळच्या घरांत आणखी एक गोष्ट नेहमी सापडते. पाइपाच्या तोंडावरच्या टोपीला, म्हणजे काउलला लावलेली जीआयची बारीक जाळी खाऱ्या वाऱ्याने गंजते, गंज फुगून भोकं लहान होतात, त्यावर कोळ्यांची जाळी आणि धूळ बसते. लांबून पाइप उघडा दिसतो, जवळून बघितलं तर जाळीचा पापडा झालेला असतो. डासांसाठी जाळी हवीच, पण नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची लावा आणि दर वर्षी मे महिन्यात काढून धुवा.

व्हेंट नीट कसा वाढवायचा

पाइप पत्र्यातून सरळ वर काढायचा मोह होतो. कोकणातल्या पावसाला तो जोड टिकत नाही. वाऱ्याने पत्रा हलतो, पाइप हलत नाही, आणि दोन पावसाळ्यांत सिलिकॉन फाटून गळती सुरू होते. त्यापेक्षा पत्र्याखालून ४५ अंशांचे दोन बेंड घालून पाइप बाजूला, पत्र्याच्या कडेबाहेर काढा आणि भिंतीच्या किंवा शेडच्या खांबाच्या आधाराने वर न्या. मधला आडवा भाग पूर्ण सपाट ठेवू नका. त्याला उभ्या पाइपाकडे उतार हवा, म्हणजे आत आलेला पाऊस आणि वाफेचं पाणी परत खाली जाईल. उलट उतार दिला तर त्या जागी पाणी साचून पाइप पुन्हा बंद होतो. वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून हा दोष शोधायला फार त्रास होतो.

मापात काटकसर करू नका. ११० चा पाइप वरपर्यंत ११० ठेवलात तर उत्तम, खाली आणायचाच असेल तर ७५ पर्यंत. वरच्या भागात फक्त हवा असल्याने आयएस १३५९२ या भारतीय मानकातला टाइप ए पाइप चालतो. संडासचं पाणी वाहणाऱ्या भागाला मात्र टाइप बीच हवा. तोंड पत्र्यापासून निदान दोन फूट वर आणि कुठल्याही खिडकीपासून लांब असू दे. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपाबद्दल आयएस २४७० चा नियम आहे की टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर तो पाइप घराच्या माथ्यापेक्षा सुमारे २ मीटर उंच न्यावा. आपल्याकडे बहुतेक टाक्या परसातच, म्हणजे १५ मीटरच्या आतच असतात. तुमच्या टाकीला वेगळा हवेचा पाइप नसेल आणि हाच उभा पाइप दोन्ही कामं करत असेल, तर हीच उंची धरा. पाइपाला दर चार-पाच फुटांवर क्लॅम्प द्या, नैर्ऋत्येचा वारा मोकळा उभा पाइप हलवून खालचे जोड ढिले करतो.

दुकानात एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह मिळतो, तो बेसिनजवळ बसवला की गच्चीवर जायला नको असं सांगतात. तो हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. खेच असेल तर मदत करेल, दाब असेल तर काहीच करणार नाही. टाकीतला वायू बाहेर जायला तर उघडं तोंड लागतंच. घरात असा एकही उघडा पाइप नसेल तर या व्हॉल्व्हवर पैसे घालू नका.

मग चेंबर उघडा

आता पावसाळ्याची बाजू. व्हेंट बंद असेल तर तो बाराही महिने बंद असतो, पावसात आवाज वाढायचं त्याला स्वतःचं कारण नाही. म्हणून वरचा दोष सापडला तरी खालचं बघणं सोडू नका.

घराबाहेरच्या पहिल्या चेंबरचं झाकण उचला, दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवून वायू जाऊ द्या, मग उभ्यानेच आत बघा. तळाची नाळ कोरडी आहे आणि फ्लशचं पाणी धावत येऊन निघून जातं, असं दिसलं तर तिथून पुढे सगळं मोकळं आहे. चेंबरमध्ये पाणी तुंबून उभं असेल तर दोष त्याच्या पुढे, टाकीकडे. चेंबर कोरडं, पण फ्लशचं पाणी धारेऐवजी झिरपत येतंय, तर अडथळा घर आणि चेंबरच्या मधे.

झाकण उघडं ठेवूनच बेसिनवरची प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा. आधी फुगणारं प्लास्टिक आता शांत राहिलं, तर पाणी कुठे अडलेलं नाही, फक्त पुढच्या हवेला बाहेर पडायला जागा नव्हती. टाकी काठोकाठ भरली की नेमकं हेच होतं. टाकीत शिरणाऱ्या पाइपाचं तळ बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळापेक्षा जेमतेम दोन-तीन इंच वर असतं. शोषखड्डा पाणी घेईनासा झाला की टाकीतली पातळी तेवढी चढते, येणाऱ्या पाइपाचं तोंड बुडतं आणि हवेची वाट बंद होते. कमोड तरीही रिकामं होत राहतं, म्हणून कुणाला टाकीचा संशय येत नाही.

कोकणात शोषखड्डा पावसात का थकतो हे वेगळं सांगायला नको. कातळावरच्या घरात जांभ्याच्या थरात पाणी भरून राहतं, किनाऱ्यालगतच्या वाडीत जमिनीतलं पाणीच दोन-चार फुटांवर येतं, आणि खाडीकाठी उधाणाच्या भरतीला ते आणखी चढतं. ॲसिडनंतर चार दिवस बरं गेलं म्हणता, तेव्हा पावसाने उघडीप दिली होती का, हे आठवून पाहा. खात्रीसाठी चेंबरच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा, मोठ्या सरीनंतर एकदा आणि दोन दिवस कोरडे गेल्यावर एकदा. पाण्याची पातळी पावसासोबत चढते-उतरते असं दिसलं तर दोष जमिनीतल्या पाण्याचा. ती कोरड्या दिवसांतही तशीच राहिली तर टाकीच्या आत काहीतरी अडलंय: गाळ, वरची घट्ट साय, किंवा टाकीतल्या पाइपाच्या तोंडाशी असलेल्या टी आकाराच्या जोडामध्ये बसलेला बोळा.

इथे पत्र्याची दुसरी करामत तपासा. पत्र्याला पन्हळ लावली असेल, तिचा पाइप खाली कुठे सोडलाय? जवळ चेंबर दिसलं की त्यातच सोडून मोकळं होणारे बरेच आहेत. हजार चौरस फुटांच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी होतं. आयएस २४७० प्रमाणे पाच माणसांची टाकी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर, म्हणजे जेमतेम अकराशे लिटरची. एका जोरदार सरीत तिच्या चौपट पाणी तिच्यातून जाईल, तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात नेईल आणि खड्ड्याची भोकं कायमची बुजवेल. पन्हळीचं पाणी चेंबरमध्ये येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते तोडा. पाऊस चालू असला तरी आजच.

बारा वर्षांची टाकी उपसायलाच हवी, घरगुती टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. पण भर पावसात नको. बाहेर जमिनीत पाणी उभं असताना टाकी रिकामी केली तर भिंतींवर बाहेरून दाब येतो, प्लास्टिकची किंवा तयार टाकी चक्क वर उचलली जाते, आणि शोषखड्ड्यातलं पाणी उलट येऊन ती भरून जाते. काम निभत असेल तर पाऊस ओसरून जमीन सुकेपर्यंत थांबा. सक्शन टँकर बोलावताना होजची लांबी आधी विचारा. घर पाखाडीत असेल तर गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून टाकी किती फूट हे मोजून सांगा. माणूस आत उतरवून उपसू देऊ नका. टाकीतला वायू क्षणात बेशुद्ध करतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं काम करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. साय आणि टी वरून, झाकणातून लांब काठीने मोकळी करता येते. टाकीचं झाकण उघडं असताना जवळ विडी-सिगारेट नको.

मधेच अडलं असेल तर

चेंबर कोरडं आणि पाणी झिरपत येत असेल तर प्लंबरची स्प्रिंग चेंबरकडून घराच्या दिशेने घाला. ती जिथे अडेल तिथे तिच्यावर चिकटपट्टीची खूण करा आणि बाहेर काढून मोजा. चेंबरपासून उभा पाइप चौदा फुटांवर असेल आणि स्प्रिंग तेरा-चौदावर अडली, तर खालच्या बेंडमध्ये अडलंय. तिथे ९० अंशांचा एकच बेंड टाकलेला असला तर तो दोन ४५ चे करून घ्या. आठ-नऊ फुटांवर अडली तर त्या जागेच्या वर काय आहे बघा. नारळ किंवा पोफळ जवळ असेल आणि पाइप जुना चिनी मातीचा असेल, तर स्प्रिंगला तपकिरी तंतूंचा झुपका येईल. तो काढला तरी मूळ त्याच सांध्यातून पुन्हा येतं. तेवढा तुकडा खणून यूपीव्हीसीचा टाका, दहा फुटांना दोन इंच उतार धरून.

एक शक्यता राहते. वर पाइप उघडा, खाली चेंबर मोकळं, कमोड झपकन रिकामं होतं, आणि तरी फ्लशच्या पहिल्याच क्षणी प्लास्टिक जोरात फुगतं. मग बेसिनचा पाइप उभ्या पाइपात कमोडच्या जोडासमोर किंवा त्याच्या लगेच खाली घुसवलाय का बघा. कमोडचं पाणी थेट समोरच्या तोंडात मारतं. हा जोड कमोडच्या जोडापासून निदान २०० मिलिमीटर खाली किंवा त्याच्या वर हवा. तुमच्याकडे त्रास पत्र्यानंतर सुरू झाला असेल तर हे कारण नाही, जोड पहिल्या दिवसापासून तिथेच आहे.

तुमच्या घरात क्रम असा धरा: आज पन्हळ आणि चेंबर बघा, पाऊस थांबेल त्या दिवशी गच्चीवरची टोपी काढा, आणि उपसा कोरड्या दिवसांसाठी ठेवा. टोपी काढल्यावर आवाज पूर्ण गेला नाही, पण प्लास्टिक आता फक्त फुगतं, आत ओढलं जात नाही, असं झालं तर घाबरू नका. दोनपैकी एक दोष गेला, उरलेला टाकीचा आहे.

काम झाल्यावर नुसता आवाज गेला म्हणून समाधान मानू नका, ट्रॅपमधलं पाणी मोजा. नहाणीची जाळी आणि आतली वाटी काढा, खराट्यातली एक काडी उभी बुडवून पाण्याची खोली काडीवर नखाने खुणावा. वाटी परत बसवा, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन फ्लश सोडा, मधे कुठलाही नळ सोडू नका. मग पुन्हा तीच काडी बुडवा. खूण पाण्याच्या रेघेवरच, किंवा दोन-तीन मिलिमीटरच वर राहिली तर काम बरोबर झालं. बोटभर वर राहिली तर आवाज नसला तरी खेच अजून शिल्लक आहे, आणि व्हेंटचा तो आडवा भाग उताराला धरून आहे का, हे लेव्हल ट्यूबने पुन्हा तपासा.